धागा: व्हील लॉक नटची चावी नाही, पिळाच्या गोटीने नट निघेल का?

पालशेतकर
नमस्कार मंडळी. मी गुहागरजवळ राहतो. जुनी स्विफ्ट घेतली आहे. आधीच्या मालकाने बाहेरून अलॉय बसवून घेतलेत आणि चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक चाकाला तीन साधे नट आणि एक लॉक नट, असं करून दिलंय. साध्या नटांना 19 नंबरचा पाना लागतो. लॉक नट मात्र बाहेरून पूर्ण गोल आहे आणि तोंडावर नागमोडी खाच आहे. त्या खाचेत बसणारी चावी गाडीत कुठेच नाही आणि आधीच्या मालकालाही आठवत नाही.

मागचं डावं चाक हळूहळू हवा सोडतंय. रोज सकाळी हवा भरून निघतो, पण पंक्चर काढायचं तर चाक उतरायलाच हवं. इथल्या पंक्चरवाल्याने हात जोडले. मित्राकडे आतून पीळ असलेल्या गोट्यांचा संच आहे, 17, 19, 21, 22 अशा. त्या ठोकून बसवायच्या आणि उलट फिरवायच्या, एवढं कळलं. अलॉय आणि स्टड दोन्ही न बिघडवता हे घरी जमेल का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

अनघा_दापोली
दादा, आधी पोलिसांत हरवल्याची नोंद करा, मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आरसी आणि ओळखपत्र घेऊन जा. माझ्या भावाची चावी हर्णैच्या बंदरावर पडली होती, त्याला अशीच डुप्लिकेट मिळाली. थोडे दिवस लागतात, पण मिळते.

पालशेतकर
ताई, गाडीची चावी आहे माझ्याकडे. ही चाकाच्या नटाची चावी. पान्याच्या तोंडाला लावायचा बोटाएवढा लोखंडी तुकडा असतो तो.

अनघा_दापोली
अच्छा, ते वेगळं. मग माझं उत्तर सोडून द्या. पण हे वाचून आत्ताच आमच्या गाडीची डिकी उघडून बघितली, आमच्याकडे पण असा एक नट आहे आणि चावी स्टेपनीच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

पाना_पक्कड
रत्नागिरीत बरीच वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. पालशेतकर, ठोकाठोकीच्या आधी स्टेपनीच्या खळग्यात, जॅकच्या कप्प्यात आणि डॅशबोर्डच्या खणात नीट बघा. गाडीच्या कागदांत नटाच्या कंपनीचं नंबर लिहिलेलं एखादं छोटं कार्ड आहे का तेही बघा. नंबर असेल तर नवीन चावी मागवता येते. आणि शेवटची अलाइनमेंट किंवा टायर अदलाबदल जिथे झाली तिथे एकदा विचारा. निम्म्या हरवलेल्या चाव्या टायरवाल्याच्या पान्यातच अडकून राहिलेल्या असतात.

यातलं काहीच नसेल तर पिळाची गोटी हा चांगला उपाय आहे. ती धरते कशी ते समजलं की बाकीचं आपोआप कळतं. गोटीच्या आत तिरक्या धारा असतात आणि आतली जागा तोंडाशी रुंद, पुढे निमुळती. ठोकली की धारा नटाच्या अंगात रुततात. नट सोडवायच्या दिशेने फिरवली की त्या तिरकेपणामुळे गोटी स्वतःलाच नटावर आणखी आत ओढून घेते. म्हणजे जेवढा जोर, तेवढी पकड. पण हे फक्त त्या एकाच दिशेने. घट्ट करायच्या दिशेने फिरवलीत तर ती सुटून हातात येईल. गंजलेला साधा नट आपण थोडा पुढे, थोडा मागे हलवून सोडवतो, ती सोय इथे नाही. म्हणून पहिला जोर नीट तयारीने लावायचा.

आधी मला तीन गोष्टी कळवा. नटाची बाहेरची जाडी किती? अलॉयच्या ज्या भोकात नट बसलाय त्याचा व्यास किती? आणि पक्कडीने नटाची बाहेरची कड धरून हलवली तर ती एकटीच फिरते का?

कुडाळचो_बाबलो
काकांनी शेवटचा इचारला ता लय म्हत्वाचा. माझ्या गाडयेचो नट तसोच होतो. भायली रिंग नुसती गरगर फिरता आणि नट आपलो थंयच. गोटी ठोकलंय, जोर लावलंय, गोटी मस्तपैकी फिराक लागली. माका वाटला नट सुटलो. खंय सुटता! रिंगच फिरत होती.

पालशेतकर
काका, सांगितलंत तिथे सगळीकडे शोधलं, चावी नाही आणि कार्डही नाही. व्हर्नियरने मोजलं. नट 20.5 मिलिमीटर, अलॉयचं भोक 30 मिलिमीटर. नटाचं तोंड भोकात साधारण 12 मिलिमीटर आत आहे. पक्कडीने धरून बघितलं, कड वेगळी फिरत नाही, अख्खा एकसंध नट वाटतो. गोट्या हाताने लावून बघितल्या. 22 सरळ आत जाऊन डुगडुगते. 21 दोन-तीन मिलिमीटर जाते आणि अडते. 19 तोंडालाच टेकते, आत जात नाही. 21 ची बाहेरची जाडी 28 आहे.

पाना_पक्कड
मग 21 घ्या. हाताने थोडी शिरते आणि अडते, तीच बरोबर. सहज पूर्ण आत जाणारी गोटी धारा रुतवणार नाही, ती नट तासून गोल करेल. तोंडालाच टेकलेली ठोकायला गेलात तर ती वाकडी बसते. भोकात दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर जागा आहे, पुरेशी आहे पण जेमतेम. गोटी सरळ राहिली नाही तर अलॉयला ओरखडा ठरलेला. भोकाच्या कडेला आतून चिकटपट्टीचा एक थर लावून घ्या.

अजून एक. बारीक कानशीचा कोपरा नटावर घासून बघा. चरा पडला तर लोखंड मऊ आहे, गोटी पकडेल. कानस नुसती सटकली तर नट कडक केलेला आहे, तिथे गोटीच्या धारा फक्त चकाकते ओरखडे पाडून निसटतात.

सागरवाट
मी देवगडचा. इतकी खटपट कशाला? गॅसच्या बत्तीने नट लाल करा, लोखंड फुगतं आणि सुटतं. आमच्याकडे होडीच्या इंजिनाचे नट असेच काढतात. आणि एक लक्षात ठेवा, डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, त्यामुळे तुमच्या मागच्या डाव्या चाकाला ही गोटी चालणारच नाही.

पाना_पक्कड
सागरवाट, होडीच्या इंजिनाला चालतं ते इथे नको. नटापासून थोड्याच अंतरावर टायर आहे, त्यात हवा आहे. रिम तापली तर टायर आतून बिघडतो आणि फुटूही शकतो. अलॉय हे अॅल्युमिनियम, लाल होण्याच्या कितीतरी आधी त्याची ताकद जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय मागे हबचं बेअरिंग आहे, त्यातलं ग्रीस वितळून जातं.

आट्यांचं म्हणाल तर काही जुन्या जीप आणि ट्रकना डाव्या बाजूला उलटे आटे होते, तुम्ही ते बघितले असतील. स्विफ्टला चारही चाकांना सरळ आटे आहेत. समोर उभं राहून घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात.

सागरवाट
ट्रकवरच शिकलो मी, त्यामुळे ते डोक्यात होतं. बत्तीचं मान्य. पण तेल तरी सोडायला सांगा ना. आमच्या खाऱ्या हवेत सुका नट कोण काढतं?

पाना_पक्कड
तेल सोडा, आदल्या रात्री सोडा. पण अपेक्षा बेताची ठेवा. लॉक नट बहुतेक टोपीसारखा बंद असतो, समोरून आट्यांपर्यंत वाटच नसते. समोरून सोडलेलं तेल नट जिथे अलॉयच्या उतारावर टेकतो तेवढ्या जागेत मुरतं. ती जागासुद्धा महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे खाऱ्या ओलाव्यात पोलादी नट आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की पांढरी पूड धरते आणि नट तिथे चिकटतो. किनाऱ्यावर वाळूत गाडी नेणाऱ्यांच्या चाकांना हे हमखास दिसतं. पुढच्या चाकाला करताना तेल डिस्कवर उडू देऊ नका, ब्रेक जाईल. आणि गोटी ठोकण्याआधी नटाचं बाहेरचं अंग कोरड्या फडक्याने पुसून घ्या, तेलकट अंगावर धारा घसरतात.

आता कृती. गाडी सपाट जागेवर, चाक जमिनीवरच. जॅक नंतर. हँडब्रेक, पहिला गिअर, समोरच्या चाकाला दगड. बाकीचे तीन नट सैल करू नका, उलट नीट घट्ट आहेत ना ते बघा. ते चाक धरून ठेवतात म्हणून लॉक नटावरचा ताण कमी राहतो. लोक आधी सोपे तीन काढतात, मग सगळा भार त्या एका नटावर येतो आणि तो आणखी आवळतो.

तारेच्या ब्रशने नट साफ करा. 21 ची गोटी लावून किलोभर वजनाच्या हातोड्याने सरळ ठोका. डोळ्यांवर चष्मा हवाच, कडक पोलादाचा कण उडतो. आधी आवाज पोकळ येतो आणि गोटी बसली की भरीव, टणक येतो. तिथे थांबा. मग खडूने गोटी, नटाची दिसणारी कड आणि अलॉय अशी एक सरळ रेघ ओढा.

त्यानंतर अर्धा इंची चौकोनाची साधी लांब टॉमी लावा, खटखट आवाज करणारा रॅचेट नको. 60 सेंटिमीटरच्या टॉमीच्या टोकाला 40 किलोचा जोर दिला तर जवळजवळ 240 न्यूटन-मीटर होतात. हा नट बसवताना 100 च्या आसपास लागतात. म्हणजे तेवढी टॉमी भरपूर आहे. पाइप चढवून ती दुप्पट करू नका, स्टड 12 मिलिमीटरचा आहे आणि पाइप लावला की हाताला अंदाज राहत नाही. डाव्या हाताने गोटीचं डोकं अलॉयकडे दाबून धरा, उजव्याने सावकाश, वाढता जोर. झटका नको. टॉमीवर उभं तर अजिबात राहू नका.

रेघ बघत राहा. गोटी आणि नट एकत्र सरकले आणि अलॉयवरची रेघ मागे राहिली तर नट सुटतोय. फक्त गोटी सरकली आणि नट जागीच राहिला तर थोडं सरकणं ठीक आहे, ती रुततेय. पण ती पाव फेरा गेली आणि नट ढिम्म, तर थांबा.

स्नेहल_मालवण
ठोकण्याबद्दल मला शंका आहे. आमच्या मेकॅनिकने सांगितलं की चाकावर हातोडा मारला की बेअरिंगच्या आतल्या पट्टीवर गोळ्यांचे खड्डे उमटतात आणि काही महिन्यांनी घूं-घूं आवाज सुरू होतो. आमच्या गाडीला तो आवाज आला होता.

पाना_पक्कड
स्नेहलताई, शक्यता नाकारत नाही. घणाने मारलं तर होऊ शकतं. किलोच्या हातोड्याचे मोजके, सरळ फटके मी आयुष्यभर मारलेत आणि त्यातून बेअरिंग गेलेलं माझ्या पाहण्यात नाही. पण आवाज नंतर आला तर तो त्याच फटक्यांमुळे की पाणी शिरल्यामुळे, हे आपल्या दमट हवेत वेगळं काढणं कठीण.

स्नेहल_मालवण
आमची गाडी त्या पावसात पाण्यातून गेली होती हेही खरं. तरी मी हातोडा जपूनच मारेन.

विक्रांत_चिपळूण
माझ्याकडे पोलो आहे. तिला स्टड नाहीत, बोल्टच असतात, 17 चा पाना. लॉक बोल्टची चावी माझीही तुटलीय. टायरवाला हवेच्या गनने आवळतो, त्यातच खाचेचं एक बोट गेलं. हीच गोटी चालेल का? आणि गनवर लावली तर काम पटकन होईल ना?

पाना_पक्कड
चालेल, बोल्टचं डोकं बाहेरून गोल असेल आणि कड वेगळी फिरत नसेल तर. पण तुमचा बोल्ट हबमध्ये आत जातो. तो तुटला तर तुकडा हबमध्ये राहतो, स्टडसारखा ठोकून बाहेर काढता येत नाही. म्हणून तुम्ही आणखी सावकाश घ्या. गनबद्दल माझं मत हातानेच करा असं आहे. हाताला नट कुरकुरतोय, सुटतोय की पिळला जातोय ते कळतं. गनला कळत नाही.

विक्रांत_चिपळूण
माझ्या माहितीतले एक टायरवाले गनवरच काढतात आणि म्हणतात की बारीक ठोके गंज सोडवतात, सलग जोराने स्टड पिळला जातो. त्यांची गोटी गनसाठीचीच आहे.

पाना_पक्कड
त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, गंजाला ठोके मानवतात. रोजचा सराव असणाऱ्याने करावं. पहिल्यांदा करणाऱ्याने गोटी एकदा निसटवली की नट तासला जातो आणि दुसरी संधी अवघड होते, म्हणून मी हाताने म्हणतो.

पालशेतकर
मंडळी, झालं! सविस्तर सांगतो.

कानशीचा चरा पडला, म्हणजे नट मऊ. रात्री तेल सोडलं, सकाळी पुसलं. मागच्या डाव्या चाकावर 21 ठोकली, आवाज बदललेला स्पष्ट कळला. टॉमीवर जोर वाढवत नेला. आधी गोटी रेघेपासून जराशी सरकली, मग कट्ट असा मोठा आवाज आला. मला वाटलं स्टड गेला. बघतो तर गोटी आणि नटावरची रेघ एकत्र सरकलेली, अलॉयवरची जागीच. पुढे नट साध्या जोराने आला. उतारावर काका म्हणाले तशी पांढरी पूड होती, आटे मात्र कोरडे आणि स्वच्छ.

नट गोटीत घट्ट अडकून बसला होता. गोटी उलटी करून दोन विटांवर टेकवली, चौकोनी भोकातून जाड खिळा घालून ठोकला, तेव्हा निघाला.

पुढच्या डाव्या चाकाला त्रास झाला. गोटी किंचित तिरकी बसली असावी, कारण जोर दिल्यावर ती भोकाच्या कडेला टेकली आणि नटावरून लोखंडाची चकचकीत कात निघाली. तिथेच थांबलो. आता 21 सहज आत जायला लागली होती, म्हणून 19 लावून बघितली. तासलेल्या तोंडावर ती जेमतेम शिरली. गोटीखाली लाकडाचा ठोकळा देऊन तिचं डोकं सरळ ठेवलं आणि मग निघाला. पुढच्या उजव्याला काहीच अडचण आली नाही.

कुडाळचो_बाबलो
शाब्बास रे! ठोकळ्याची युक्ती बरी. माझ्या फिरत्या रिंगेक आमच्या फिटरान ग्राइंडरान एक चीर पाडली, छिन्नीन रिंग उघडली आणि आतल्या गाभ्याक धाकटी गोटी ठोकली. अलॉयाक थोडो डाग पडलो, पण नट इलो.

पाना_पक्कड
उत्तम काम. आता नवीन नट घेताना आटे बघा. स्विफ्टला 12 मिलिमीटरचा 1.25 पिचचा नट लागतो. दुसऱ्या बऱ्याच गाड्यांना 1.5 लागतो, दिसायला सारखाच. चुकीचा नट दीड-दोन फेरे जातो आणि मग अडतो, तिथे पान्याने रेटलात तर स्टडचे आटे गेले. आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा. नटाचा उतारसुद्धा अलॉयच्या उताराशी जुळायला हवा. दुकानात निघालेला जुना नट सोबत न्या. मोजून आवळणाऱ्या पान्याने 100 च्या आसपास आवळा, मॅन्युअलमधला आकडा बघून. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.

सागरवाट
आट्यांना ग्रीस लावून बसवा म्हणजे पुढच्या वेळी ही वेळ येणार नाही. समुद्राजवळ राहणाऱ्याने हे केलंच पाहिजे.

पाना_पक्कड
आट्यांना आणि उताराला नको. ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो, स्टड ताणला जातो. हबचा जो गोल भाग अलॉयच्या मधल्या भोकात बसतो तिथे पातळ थर लावा, म्हणजे चाक हबला चिकटणार नाही.

सागरवाट
मी थोडं लावतो आणि जोर कमी ठेवतो. इतकी वर्षं नट सैल झालेला नाही.

पाना_पक्कड
किती कमी, ते मोजलेलं असेल तर ठीक. हाताच्या अंदाजाने नको.

पालशेतकर
काका, चौथ्याचं सांगायचं राहिलं. मागचं उजवं. गोटी मस्त रुतली आहे, रेघ सांगते की गोटी आणि नट एकत्र सरकतात. पण कट्ट आवाज येत नाही. टॉमी रबरासारखी थोडी जाते आणि जोर सोडला की रेघ परत जागेवर येते. मी पुढे गेलो नाही.

पाना_पक्कड
थांबलात ते फार बरं केलंत. ते स्टड पिळला जाण्याचं लक्षण आहे, म्हणजे तिथे आटेच धरलेत. गोटी काढू नका, रुतलेली राहू दे. ते चाक पंक्चर नाही, घाई नाही. नट बंद टोपीचा आहे, तर टोपीच्या मधोमध 3 मिलिमीटरचं भोक पाडता येतं, गोटीच्या चौकोनातून ड्रिल सरळ जातं. स्टडचं टोक लागेपर्यंतच पाडायचं. मग त्यातून तेल आट्यांना पोचतं. रोज थोडं सोडा, दोन-तीन दिवस. मग पुन्हा तोच सावकाश जोर.

तरीही रबरासारखंच लागलं तर स्टड जाणार हे धरून चाला. नवीन स्टड आधी आणून ठेवा आणि गॅरेजमध्ये करा, रस्त्यावर किंवा अंगणात नको. मागे ड्रम आहे, तो उतरवून स्टड बदलता येतो.

विक्रांत_चिपळूण
वेल्डरकडून नटावर दुसरा नट जोडून काढला तर? उष्णतेने आटेही सुटतील.

पाना_पक्कड
शेवटचा उपाय म्हणून होतो. त्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढायची, व्हॉल्व्हची पिनसुद्धा बाहेर. बॅटरीची वायर सोडायची आणि अर्थची पकड त्याच चाकाच्या साध्या नटावर लावायची, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. अलॉयचा रंग मात्र वाचेल याची खात्री नाही.

पालशेतकर
ड्रिलचं करून बघतो. मित्राकडे 3 चं बिट आहे. शनिवारी तेल सोडायला सुरुवात करतो, जे होईल ते इथेच लिहितो.